बाटली शुद्ध होती असं समजा

छिंदवाड्याच्या प्रकरणानंतर एक युक्तिवाद पुन्हापुन्हा वाचायला आणि ऐकायला मिळतो आहे. तो करणारे गृहस्थ शिकलेले, समतोल बोलणारे आणि घाबरटपणाचा तिटकारा असलेले असल्यामुळे त्याला वजन येतं. त्यांचं म्हणणं असं, की विष औषधात नव्हतं, भेसळीत होतं. एका कंपनीनं एका बॅचमध्ये गुन्हा केला, म्हणून सगळ्या खोकल्याच्या औषधांना बदनाम करणं हा अडाणीपणा आहे. चांगल्या कंपनीची बाटली घ्यावी, डॉक्टरांची चिठ्ठी असावी, मुदत तपासावी आणि पोराला निर्धास्तपणे चमचाभर पाजावं. तरीही ज्यांच्या मनात भीती असेल त्यांनी आजीच्या बटव्याकडे वळावं, मध चाटवावा, वाफारा द्यावा, कारण नैसर्गिक उपायांनी निदान अपाय तरी होत नाही. अशा रीतीनं आधुनिकही खूश, परंपरावालेही खूश आणि घरात रात्रभर खोकणाऱ्या पोराचा प्रश्न एका परिच्छेदात निकाली. इतकं सर्वांना सांभाळून घेणारं मत दुर्दैवानं दोन्ही टोकांना चुकीचं आहे.

जे खरं आहे ते आधी मान्य करू. 2025 च्या सप्टेंबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, साध्या सर्दी-तापाच्या मुलांना ‘कोल्ड्रिफ’ नावाचं सिरप दिलं गेलं. ताप उतरल्यासारखा वाटला, मग उलट्या सुरू झाल्या, लघवी कमी होत होत बंद झाली. कित्येक मुलांना जवळचं मोठं शहर म्हणून नागपूरला आणलं गेलं. वीसहून अधिक मुलं दगावली, त्यांतली बहुतेक पाच वर्षांच्या आतली. तामिळनाडूच्या औषध खात्यानं तपासलेल्या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल 48.6 टक्के निघालं. चालवून घेण्याजोगी मर्यादा आहे 0.1 टक्का. औषध विरघळवण्यासाठी सिरपमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन घालतात, ते औषधी दर्जाचं न घेता कारखान्यांत वापरलं जाणारं स्वस्त द्रव्य घेतलं, आणि आलेला माल तपासला नाही, की हे विष आत शिरतं. ते गोडसर असतं, त्यामुळे चवीवरून कळत नाही. शरीरात त्याचं जे आम्ल बनतं ते मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिका मारून टाकतं. तेव्हा भेसळीनं मुलं मारली यात वाद नाही. ‘एकच बॅच, एकच कंपनी’ हे मात्र खरं नाही. याच रसायनानं 1937 मध्ये अमेरिकेत शंभरावर माणसं मेली, 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून 14 रुग्ण गेले, 2022 मध्ये गांबियात भारतीय सिरपांच्या संदर्भात सुमारे सत्तर मुलांचे मृत्यू नोंदले गेले. नव्वद वर्षं परत परत घडणाऱ्या गोष्टीला अपघात म्हणायला विलक्षण धीर लागतो.

पण भेसळीवर मी इथे थांबणार नाही, कारण भेसळीवर बोलत राहणं हेच या गृहस्थांच्या पथ्यावर पडतं. आपण त्यांचीच अट मान्य करू. ती बाटली शुद्ध होती असं समजा. प्रॉपिलीन ग्लायकॉल उत्तम दर्जाचं, बॅच तपासलेली, लेबलवर लिहिलेलं प्रत्येक द्रव्य तेवढ्याच मिलिग्रॅममध्ये आत. मग त्या सर्दी झालेल्या दोन-तीन वर्षांच्या मुलाला ती का पाजायची होती? या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या कुठल्याही लेखात किंवा भाषणात मिळत नाही. भेसळ हा दुसरा गुन्हा होता. पहिली चूक ती बाटली उघडण्याची, आणि ती चूक शुद्ध बाटल्यांच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या घराघरांत रोज होते.

त्या बाटलीत तीन औषधं होती: क्लोरफेनिरामिन, फेनिलेफ्रिन आणि पॅरासिटामॉल. हीच तीन वेगवेगळ्या नावांनी केमिस्टच्या फळीवर ओळीनं उभी असतात, म्हणून ती एकेक करून पाहू. क्लोरफेनिरामिन हे अ‍ॅलर्जीचं जुनं औषध. सर्दीच्या विषाणूनं येणाऱ्या खोकल्यावर त्याचा मुलांमध्ये फायदा होत असल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही. त्यानं येते ती गुंगी. मूल रात्री झोपतं, आईबाप सुटकेचा श्वास टाकतात आणि औषध ‘लागू पडलं’ अशी नोंद मनात होते. पण मूल झोपलं म्हणजे खोकला बरा झाला असं नव्हे, आणि तान्ह्या मुलाला औषधानं गुंगवणं ही खेळण्यासारखी गोष्ट नाही. त्याचा श्वास मंदावू शकतो, चोंदलेल्या नाकानं धडपडून जागं होण्याची त्याची क्षमता कमी होते. काही मुलांत उलटंच होतं, ती चिडचिडी होऊन रात्रभर जागी राहतात. मग फेनिलेफ्रिन. हे नाक मोकळं करण्यासाठी. पोटात गेल्यावर त्याचा बराचसा भाग आतड्यात आणि यकृतातच निकामी होतो, नाकापर्यंत उपयोगी मात्रा पोचतच नाही. 2023 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनं मोठ्या माणसांमध्येसुद्धा तोंडानं घेतलेलं फेनिलेफ्रिन निष्प्रभ असल्याचं एकमतानं सांगितलं. धिप्पाड माणसाचं नाक ज्यानं मोकळं होत नाही ते दहा किलोच्या पोराला देण्यामागचं तर्कशास्त्र आमच्या प्रतिपक्षानं एकदा सविस्तर मांडावं, मी आनंदानं वाचीन.

उरलं पॅरासिटामॉल. ते तापावर चांगलं औषध आहे, आणि नेमकं म्हणूनच ते सर्दीच्या मिश्रणात लपलेलं धोक्याचं. एक हिशेब मांडून पाहा. दीड वर्षाचं, दहा किलो वजनाचं मूल. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा किलोमागे फार तर 15 मिलिग्रॅम, म्हणजे 150, आणि दिवसाची मर्यादा किलोमागे साधारण 60, म्हणजे 600 मिलिग्रॅम. घरात तापाचं सिरप आहे, 5 मिलिलिटरला 250 मिलिग्रॅमचं. आई मोजून 3 मिलिलिटर देते, दिवसातून चार वेळा. सहाशे मिलिग्रॅम झाले, मर्यादा गाठली, काही चुकलं नाही. मग खोकल्यासाठी म्हणून सर्दीचं सिरप आणलं जातं, ज्याच्या 5 मिलिलिटरमध्ये आणखी 125 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे. तेही चमचाभर, चार वेळा. आणखी पाचशे. एकूण अकराशे, मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट, आणि आईला पत्ताही नाही, कारण एका बाटलीवर तापाचं चित्र होतं आणि दुसरीवर सर्दीचं. हे दोन-तीन दिवस चाललं, मूल तापामुळे खात-पीत नसलं, तर यकृताला इजा होऊ शकते. यात घरातला चमचा धरलेला नाही, जो कधी पाच मिलिलिटरचा असतो आणि कधी आठचा. ड्रॉप्सचा घोळही धरलेला नाही: त्या इवल्याशा बाटलीत 1 मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम असतात, आणि ‘सिरप संपलं, ड्रॉप्स आहेत, तेवढेच दे’ असं म्हणून तेवढेच दिले की मात्रा दुप्पट होते. या सगळ्यात भेसळीचा कणही नाही. कंपनी प्रामाणिक, केमिस्ट प्रामाणिक, आई तर प्रामाणिक आहेच.

बाकीच्या बाटल्यांना एकेक ओळ पुरे. डेक्स्ट्रोमेथॉर्फन खोकल्याची उबळ दाबतं असं म्हणतात, लहान मुलांच्या चाचण्यांत ते साध्या गोड पाण्याहून वरचढ ठरलेलं नाही, आणि मात्रा चुकली तर गुंगी व श्वासाचा त्रास ठरलेला. कोडीन बारा वर्षांखाली नकोच, कारण काही मुलांचं शरीर त्याचं झपाट्यानं मॉर्फीन करतं. टर्ब्युटालीन किंवा साल्ब्युटामॉल घातलेली सिरपं दम्याचा त्रास नसलेल्या मुलाचे हात थरथरवतात आणि छाती धडधडवतात, खोकला आहे तिथेच राहतो. आणि जी बाटली एकाच वेळी उबळ दाबणारं आणि कफ सोडवणारं अशी दोन्ही औषधं एकत्र देते तिच्याबद्दल तर काय बोलावं! कफ सुटावा म्हणायचं आणि तो बाहेर टाकणारा खोकला दाबायचा. खोकला दाबावा की सोडवावा हा वाद वैद्यकात जुना आहे आणि दोन्ही बाजूंनी बरीच शाई खर्च झाली आहे. औषध कंपन्यांनी तो दोन्ही पक्षांना एका बाटलीत कोंबून मिटवला.

यावर पेटंट उत्तर येतं, ‘पण फरक पडतो हो!’ प्रतिपक्षाचा हा हुकमाचा पत्ता, म्हणून त्याच्याकडे जरा सावकाश पाहावं लागेल. विषाणूजन्य सर्दीचा खोकला मुलांमध्ये किती दिवस टिकतो? 2013 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेलं उत्तर असं, की निम्मी मुलं दहाव्या दिवसापर्यंत बरी होतात आणि दहांतली नऊ बरी व्हायला पंचवीस दिवस लागतात. बहुतेक पालकांच्या मनातला हिशेब चार-पाच दिवसांचा असतो. त्यामुळे पाचव्या दिवशी धीर सुटतो, बाटली येते, आणि आठव्या-दहाव्या दिवशी जो खोकला जाणारच होता तो जातो. श्रेय बाटलीला. नाही गेला तर बाटली बदलते, आणि अठराव्या दिवशी ज्या दुसऱ्या बाटलीच्या वेळी तो गेला ती त्या घरातली रामबाण ठरते, पुढं शेजारणीलाही सांगितली जाते. अंगणवाडीत किंवा बालवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षाकाठी सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे, म्हणजे हा खेळ वर्षभर चालतो. हे टाळायचं तर मुलांचे दोन गट करून एकाला औषध आणि दुसऱ्याला तसंच दिसणारं बिनऔषधी सिरप द्यावं लागतं. असं ज्या चाचण्यांत केलं गेलं त्यांतल्या बहुतेकांत दोन्ही गटांतली मुलं सारख्याच वेगानं सुधारली. अनुभवाला किंमत आहेच, पण ज्या आजाराचं बरं होणं ठरलेलं आहे त्यात अनुभव नेहमीच औषधाच्या बाजूनं साक्ष देतो.

शिवाय सर्दी-खोकल्याच्या या औषधांच्या मात्रा आल्या कुठून? त्या लहान मुलांवर तपासून ठरवलेल्या नाहीत. मोठ्यांच्या मात्रेची निम्मी, पाव अशा भागाकारानं त्या बसवल्या गेल्या. दोन वर्षांचं मूल म्हणजे मोठ्या माणसाचा चौथा हिस्सा नव्हे, त्याचं यकृत वेगळ्या गतीनं काम करतं. म्हणूनच अमेरिकेत 2008 मध्ये दोन वर्षांखाली ही औषधं देऊ नका असं सांगितलं गेलं आणि उत्पादकांनी आपणहून लेबलवर चार वर्षांची रेघ ओढली. ब्रिटननं 2009 मध्ये सहा वर्षांखालच्या मुलांसाठी दुकानातून परस्पर विक्री थांबवली. आपल्याकडे क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिन या जोडीबाबत चार वर्षांखाली वापर नको, असा इशारा लेबलवर छापायला 2023 च्या डिसेंबरमध्येच सांगितलं होतं, आणि 3 ऑक्टोबर 2025 ला केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयानं दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं लिहूच नयेत, पाचखाली साधारणपणे टाळावीत असं कळवलं. तेव्हा ‘डॉक्टरांची चिठ्ठी असली की झालं’ हे म्हणणं पुरेसं नाही, छिंदवाड्यात कित्येक मुलांकडे चिठ्ठी होती. ‘पालकच औषध मागतात, आम्ही काय करणार’ ही डॉक्टरांची बाजूही वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. पालक मागतात हे खरं, पण ते ही मागणी जन्मतः घेऊन आलेले नसतात, आधीच्या चिठ्ठ्यांनी ती शिकवलेली असते.

आता आजीचा बटवा. प्रतिपक्षाचा उदार दिलासा असा, की सिरप नको तर मध द्या. कोणाला, ते सांगायला ते विसरतात. एक वर्ष पूर्ण न झालेल्या बाळाला मध कुठल्याही रूपात देऊ नये. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीच वस्तीला असलेले जंतू त्यांना रुजू देत नाहीत. बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून जमलेली नसते, त्यामुळे बीजाणू रुजतात, तिथेच विष तयार करतात आणि ते विष नसांकडून स्नायूंकडे जाणारा निरोप तोडतं. सुरुवात बद्धकोष्ठतेनं होते, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. मग बाळ नीट ओढून दूध पीत नाही, रडणं क्षीण होतं, पापण्या खाली झुकतात, मान धरता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. हा आजार क्वचित होतो हे कबूल. पण ज्या वयात मधाचा फायदा सिद्ध नाही त्या वयात क्वचितचा धोका तरी कशासाठी? ‘आमचा मध शुद्ध, थेट जंगलातला’ या बचावाचा उपयोग नाही, बीजाणू शुद्ध मधातही असतात. ‘आम्ही उकळून देतो’ याचाही नाही, घरच्या उकळीनं ते मरत नाहीत. जन्मल्याबरोबर सोन्याच्या अंगठीनं मध चाटवण्याची रीत आणि सहाणेवर उगाळलेली गुटी मधात कालवून देण्याची सवय, दोन्ही याच वयातल्या. रीत पाळायचीच असेल तर अंगठी बाळाच्या हाताला लावावी, मध मोठ्यांनी खावा. त्या गुटीत जायफळ असतं, आणि त्यानं बाळ छान झोपतं म्हणून त्याचं कौतुक होतं. गुंगीला गुण समजण्याची आपली खोड सिरपच्या आधीपासूनची आहे.

वाफाऱ्याची गोष्ट आणखी सरळ आहे. गरम वाफेनं मुलाची सर्दी किंवा खोकला लवकर बरा होतो असा भरवशाचा पुरावा नाही. घशाला सूज येऊन मूल भुंकल्यासारखं खोकतं त्या आजारातही दमट हवेचा फायदा दिसलेला नाही. दिसतं ते भाजणं. रडणारं, हातपाय झाडणारं दोन वर्षांचं मूल, त्याच्यावर पंचा, पुढ्यात उकळत्या पाण्याचं पातेलं. मांडीवरचं मूल उसळलं की पातेलं कलंडतं आणि पाणी पोटावर, मांड्यांवर, जांघेत सांडतं. साठ अंश तापलेलं पाणीही मुलाची नाजूक त्वचा काही क्षणांत खोलवर भाजतं, आणि पातेल्यातलं तर त्याहून गरम. विजेवरच्या वाफाऱ्याच्या यंत्रानं धोका संपत नाही, तेही स्टुलावरून वायर ओढून खाली येतं. त्या पाण्यात कापूर टाकण्याची किंवा छातीला कापूरयुक्त मलम चोपडण्याची पद्धत दोन वर्षांखाली तर सोडूनच द्यावी. कापूर पोटात गेला तर थोडक्या प्रमाणातही मुलाला झटके येऊ शकतात, आणि तो खडीसाखरेसारखा दिसतो हे देवघराजवळ रांगणाऱ्या बाळाला कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

‘मग करायचं तरी काय?’ या प्रश्नाचं उत्तर तुटपुंजं आहे, आणि ते तुटपुंजं आहे म्हणूनच बाटल्या खपतात. तान्ह्या बाळाला अंगावरचं दूध थोडं थोडं, वारंवार. नाक चोंदलं असेल तर पाजण्याआधी साध्या मिठाच्या पाण्याचे तयार थेंब, नाकपुडीत एक-दोन. हे थेंब औषधी द्रव्य नसलेले हवेत, नुसतं सलाइन. नाक मोकळं करणारी औषधं घातलेले नकोत. मोठ्या मुलाला कोमट पाणी, पेज, वरणाचं पाणी, जे आवडेल ते. घरात सिगारेट, उदबत्ती, मच्छर कॉइल बंद. आणि वर्ष उलटलेल्या मुलाला झोपण्यापूर्वी अर्धा-एक चमचा मध. मधाची बाजूही फुगवून सांगायला नको. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधल्या चाचणीत एक ते पाच वर्षांच्या तीनशे मुलांना झोपण्यापूर्वी 10 ग्रॅम मध किंवा तसंच दिसणारा खजुराचा पाक दिला होता. रात्रीचा खोकला दोन्हींनी कमी झाला, मधानं जास्त. पण ती एका रात्रीची गोष्ट होती आणि मोजमाप आईबापांच्या सांगण्यावर होतं. मधानं आजार लवकर संपतो असं त्यातून निघत नाही, रात्र जरा बरी जाते एवढंच. बाटलीवर मधमाशीचं चित्र असलेलं सिरप म्हणजे मध नव्हे, त्याचं लेबल मागून वाचावं.

शेवटचा आक्षेप जरा गंभीर आहे. औषध नाकारून पालक न्यूमोनिया अंगावर काढतील, असं प्रतिपक्ष म्हणतो. उलट न्यूमोनिया झाकतं ते गुंगीचं सिरपच, कारण मूल शांत पडून राहतं आणि घरात समाधान पसरतं. न्यूमोनिया ओळखायला घड्याळ लागतं. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, सदरा वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांखाली 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त श्वास म्हणजे वेगवान, त्याच दिवशी डॉक्टरकडे. श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर असतील, मूल दूध-पाणी घेत नसेल, सुस्त पडलं असेल, तर रात्र काढू नये. दोन-तीन आठवड्यांनंतरही खोकला उतरणीला लागला नसेल, वजन घटत असेल, किंवा उबळीनंतर उलटी आणि दीर्घ आवाजी श्वास येत असेल, तर क्षय, दमा, डांग्या खोकला यांचा शोध घ्यावा लागतो, आणि त्या प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. दम्याला फवाऱ्याचं औषध स्पेसरमधून देतात, क्षयाला महिनोन्‌महिन्यांचा उपचार लागतो. यांतल्या एकाही आजारावर त्या गोड लाल सिरपचा इलाज नाही. आणि घरात कुठल्याही सिरपनंतर मुलानं सहा-आठ तास लघवी केली नाही, उलट्या सुरू झाल्या, तर बाटली फेकू नये, मुलाबरोबर ती रुग्णालयात न्यावी. बॅच क्रमांक तिच्यावरच छापलेला असतो.